जनरेटरची वीज युनिटला कितीला पडते?



तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सप्रेम जयभीम लिहून त्या थेट प्रश्नावरच आल्या आहेत. बाजारातील एक कापड दुकानदार आपला जुना ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर ४५ हजारांना काढतो आहे. तो म्हणतो, "ताई, एका लिटरात चार युनिट वीज निघते. डिझेल नव्वद रुपये धरले तरी युनिट बावीस-तेवीस रुपयांना पडते. लाइनच्या विजेपेक्षा थोडी महाग, पण गिऱ्हाईक तर परत जात नाही." दुकानासाठी घेतलेले बँकेचे कर्ज अजून फिटायचे आहे, त्यात आणखी ४५ हजारांची भर घालावी की नाही, हे त्यांना ठरवायचे आहे. घरातले म्हणतात घे, दीर म्हणतात थांब.

हा प्रश्न त्यांच्या एकट्यापुरता नाही. २००५ नंतर काही वर्षे राज्यात भारनियमनाने लोकांना रडवले. तालुक्याच्या गावांतून दिवसाचे कित्येक तास वीज नसे. त्या काळात अनेक छोट्या दुकानदारांनी जनरेटर घेतले. आज वीज जाते ती बहुतेक लाइनवरील बिघाडाने, वादळ-पावसाने किंवा दुरुस्तीसाठी, आणि ते जुने जनरेटर दुकानामागे ताडपत्रीखाली पडून असतात. म्हणून ते विकायला निघतात आणि भाव बरा वाटतो. म्हणून या भगिनीचाच हिशेब आज सविस्तर मांडतो. आकडे त्यांच्या वहीतले आहेत, फक्त समजायला सोपे जावे म्हणून थोडे पूर्णांकात घेतले आहेत. डिझेल लिटरला ९० रुपये धरले आहे. आपण आपल्या पंपावरचा भाव आणि आपल्या बिलावरचे आकडे घालावेत.

आधी लाइनच्या विजेचा भाव पाहू, कारण तिथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. त्यांच्या एका महिन्याच्या बिलात २२० युनिट आहेत. स्थिर आकार ५०० रुपये. युनिटबरोबर वाढणाऱ्या सगळ्या रकमा, म्हणजे वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन, मिळून युनिटला १० रुपये, म्हणजे २२०० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर २१ टक्के वीज शुल्क, म्हणजे ५६७ रुपये. एकूण बिल ३२६७ रुपये. याला २२० ने भागले की युनिट १४ रुपये ८५ पैशांना पडले असे दिसते.

सरासरी म्हणून हा आकडा बरोबर आहे, पण जनरेटरशी तुलना करायला तो चालत नाही. वीज गेली तरी ५०० रुपयांचा स्थिर आकार माफ होत नाही. दुकान आठ दिवस बंद ठेवले तरी तो भरावाच लागतो. वीज गेल्यामुळे एक युनिट कमी वापरले गेले, तर वाचतात फक्त १० रुपये आणि त्यावरचे शुल्क, म्हणजे १२ रुपये १० पैसे. जनरेटरच्या एका युनिटसमोर ठेवायचा आकडा हाच. वाणिज्य शाखेत शिकताना स्थिर खर्च आणि बदलता खर्च हे शब्द आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते, पण विजेचे बिल हाती घेतले की त्यांचा अर्थ लगेच कळतो.

आता जनरेटर. ५ केव्हीए म्हणजे तासाला ५ युनिट, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ५ केव्हीएचा जनरेटर साधारण ४ किलोवॅटपर्यंतचा भार उचलू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. तो तासाला किती युनिट देईल हे आपण त्यावर काय चालवतो त्यावर ठरते. आपण एकच पंखा लावला तर तो एका पंख्याचीच वीज देईल. डिझेल मात्र एका पंख्यापुरते जाळणार नाही, ही खरी गोष्ट आहे आणि ती पुढे येईल.

या भगिनींना मी एकच काम सांगितले होते. पैसे देण्याआधी तीन तास चाचणी मागा, आणि आपल्याच दुकानाच्या भारावर मागा. मालकाने कुरकुर करत का होईना, मान्य केले. चाचणी अशी घ्यायची. जनरेटर सपाट जागी ठेवायचा. टाकी गळ्यापर्यंत, एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरायची. जनरेटर आणि दुकानाच्या मध्ये एक साधा सब-मीटर लावायचा आणि सुरुवातीचा आकडा लिहून ठेवायचा. मग नेहमीसारखे दुकान चालवायचे. तीन तासांनी इंजिन बंद करून मापाच्या डब्याने त्याच खुणेपर्यंत पुन्हा डिझेल भरायचे. जेवढे भरले तेवढे जळले. टाकीवरच्या काट्याकडे किंवा मालकाच्या अंदाजाकडे पाहायचे नाही. आणि पहिली दहा मिनिटे इंजिन गरम होऊ द्यावे, मगच मोजणी सुरू करावी.

त्यांच्या दुकानात झेरॉक्स मशीन, एक संगणक, दोन ट्यूबलाइट आणि पंखा एवढेच आहे. झेरॉक्स मशीन गरम होताना हजार-चौदाशे वॅट ओढते, पण अधेमधे थांबते तेव्हा फार थोडे घेते. तीन तासांत सब-मीटरवर २.७ युनिट पडले, म्हणजे सरासरी भार तासाला ०.९ युनिट. टाकीत परत भरावे लागले २.१ लिटर. म्हणजे तासाला ०.७ लिटर. १८९ रुपयांच्या डिझेलमध्ये २.७ युनिट मिळाले. भागाकार करा, युनिट ७० रुपयांना पडले. शेठजींचे बावीस रुपये कुठे आणि हे सत्तर कुठे!

शेठजी खोटे बोलत होते का? मला तसे वाटत नाही. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट इतकी ऊर्जा असते. मोठे, पूर्ण भारावर चालणारे जनरेटर, इस्पितळात किंवा कारखान्यात असतात तसे, त्यातली पस्तीस-चाळीस टक्के विजेत बदलतात. लिटरला साडेतीन-चार युनिट हा आकडा तिथून आलेला आहे आणि तो बाजारभर फिरतो. लहान, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन इतके कधीच देत नाही. आणि तेही पाव भारावर चालवले तर आणखी खाली येते. असे का होते, हे कळण्यासाठी त्यांना चाचणीचा दुसरा भाग करायला सांगितला होता. सगळी बटणे बंद करून जनरेटर एक तास नुसता चालू ठेवायचा आणि पुन्हा माप भरायचे. नुसत्या चालण्यात ४५० मिली डिझेल गेले, म्हणजे चाळीस रुपये, एकही दिवा न लावता!

जनरेटरची वीज ५० हर्ट्झची राहावी म्हणून इंजिनाला भार असो वा नसो ठराविक वेगाने फिरतच राहावे लागते. पिस्टनचे घर्षण, पंख्याची हवा, तेलाचा पंप, या सगळ्यांना डिझेल लागते. हा इंजिनाचा स्थिर आकार समजा. त्याच्या वर प्रत्येक युनिटमागे वेगळे डिझेल जाते. त्यांच्या आकड्यांवरून पाहा: ०.७ लिटरातून ०.४५ गेले, राहिले ०.२५ लिटर, त्यातून ०.९ युनिट निघाले. म्हणजे युनिटमागे साधारण ०.२८ लिटर, रुपयांत २५. शेठजींचा आकडा याच्या जवळपास आहे, कारण त्यात इंजिनाच्या नुसत्या फिरण्याचा खर्च धरलेलाच नाही.

याच जनरेटरवर पूर्ण ४ किलोवॅटचा भार टाकला तर काय होईल तेही पाहू. नुसते फिरण्याचे ०.४५ आणि चार युनिटांचे १.१२, मिळून तासाला १.५७ लिटर, म्हणजे १४१ रुपये. युनिट ३५ रुपयांना पडले. इंजिन तेच, डिझेल तेच, फक्त भार वाढला की दर निम्मा झाला. म्हणून "जनरेटरची वीज युनिटला किती?" या प्रश्नाला भार सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. जो विकणारा भार न विचारता दर सांगतो, त्याच्या दरावर विश्वास ठेवू नये.

कमी भाराचे आणखी एक दुखणे आहे. डिझेल इंजिन पाव भारावर तासन्‌तास चालले की पुरेसे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही. मग सायलेन्सरच्या तोंडाशी काळा, तेलकट चिखल जमतो आणि थेंब गळतात. जुना जनरेटर पाहायला गेलात तर आधी तिथे बोट फिरवून पाहा. कोरडी काजळी असेल तर चालेल. ओला काळा थर असेल तर तो बऱ्याच काळापासून कमी भारावर चालला आहे किंवा नोजल खराब आहे असे समजा. निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे. एक मल्टीमीटर बरोबर न्यावा. रिकामा चालताना ५२ च्या आसपास हर्ट्झ आणि भार पडल्यावर ५० च्या आसपास, व्होल्टेज २३० च्या जवळ, असे असावे. झेरॉक्स सुरू होताच पंखा दम लागल्यासारखा हळू होत असेल आणि दिवे मान टाकत असतील, तर असल्या विजेवर मशीनचे सर्किट बिघडण्याची भीती असते. तो खर्च कोणत्याच युनिटच्या हिशेबात येत नाही.

डिझेलवर हिशेब संपत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलण्यासाठी या इंजिनाला दर २५० तासांनी मजुरीसह २५०० रुपये लागतात, म्हणजे तासाला १० रुपये. जनरेटरची किंमत ४५ हजार, शिवाय चेंजओव्हर स्विच आणि वायरिंगचे ५ हजार, एकूण ५० हजार. या स्विचमध्ये काटकसर करू नये. तो नसेल आणि जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. जनरेटर दुकानात किंवा बंद बोळात ठेवायचा नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

पाच वर्षांनी हा जनरेटर १५ हजारांना जाईल असे धरू. मग घसारा ३५ हजार, वर्षाला ७ हजार. गुंतलेल्या पैशावरचे व्याज दहा टक्क्यांनी वर्षाला साधारण ३२००. मिळून १०,२०० रुपये. हा खर्च वीज गेली किंवा न गेली तरी आहेच. आता तो किती तासांवर वाटायचा? त्यांनी चार महिने वहीत दुकानाच्या वेळेत वीज गेल्याचे तास लिहिले होते. ही सवय फार चांगली. सरासरी महिन्याला २० तास निघाले, वर्षाला २४०. म्हणजे तासाला साडेबेचाळीस रुपये.

तासाची बेरीज करा. डिझेल ६३, ऑइल वगैरे १०, घसारा आणि व्याज साडेबेचाळीस, एकूण ११५ रुपये ५० पैसे. तासाला युनिट फक्त ०.९. म्हणजे सगळे धरून युनिट १२८ रुपयांना! लाइनच्या १२ रुपयांसमोर हा आकडा ठेवला की वाटते, विषयच संपला. पण थांबा. विषय इथे संपत नाही, उलट इथूनच सुरू होतो.

कारण जनरेटरची तुलना खरे तर लाइनशी नाहीच. लाइन असेल तेव्हा जनरेटर चालवायचा प्रश्नच येत नाही. लाइन नसेल तेव्हा समोर पर्याय दोनच: जनरेटर चालवणे किंवा मशीन बंद ठेवणे. तिथे लाइनच्या बारा रुपयांना काही अर्थ उरत नाही. तेव्हा युनिटचा दर बाजूला ठेवून असे विचारावे लागते, की या एका तासाला माझ्या खिशातून किती जाणार आणि या एका तासात किती मिळणार?

खिशातून जाणारे म्हणजे डिझेल आणि ऑइल, ७३ रुपये. त्यातून लाइनची ०.९ युनिट वाचली, त्याचे जवळपास ११ रुपये वजा. राहिले ६२. मिळणारे किती? एका प्रतीचे दोन रुपये घेतात. कागद, टोनर आणि मशीनची देखभाल मिळून एक रुपया जातो. राहतो एक रुपया. म्हणजे तासाला ६२ प्रती निघाल्या तर चालू खर्च तरी सुटतो. गर्दीच्या वेळी, अकरा ते दोनमध्ये, त्यांच्याकडे तासाला दीडशे प्रती सहज होतात. चारनंतर वीस-तीस. म्हणजे संध्याकाळी जनरेटर सुरू करणे म्हणजे तासाला तीस-चाळीस रुपये रस्त्यावर टाकणे.

मग फक्त गर्दीच्या वेळी चालवू, असे त्या म्हणाल्या. बरोबर आहे, पण मग तास कमी होतात. महिन्याच्या २० तासांपैकी गर्दीच्या वेळेत येतात साधारण १०, वर्षाला १२०. तासाला १५० प्रतींचे १५० रुपये मिळाले, ६२ गेले, उरले ८८. वर्षाला १०,५६०. घसारा आणि व्याज १०,२००. वर्षाकाठी शिल्लक ३६० रुपये! हँडल मारण्याची मेहनत, डिझेलचे कॅन आणण्याची धावपळ आणि शेजाऱ्यांचे आवाजाबद्दलचे बोलणे, हे सगळे त्या ३६० रुपयांत.

तरीही यात एक गोष्ट धरून चाललो आहोत. वीज गेली की ते दीडशे प्रतींचे गिऱ्हाईक कायमचे गेले, असे आपण मानले. ते खरे आहे का? मी त्यांना सांगितले, दोन आठवडे मोजा. वीज गेल्यावर ज्याला "लाइट आल्यावर या" म्हणता त्याच्यासाठी वहीत एक रेघ मारा, आणि तो परत आला की त्या रेघेवर आडवी रेघ मारा. तहसील कचेरीसमोरचे गिऱ्हाईक म्हणजे खेड्यावरून आलेला माणूस. त्याचे कचेरीतले काम व्हायचे असते, तो दिवसभर तिथेच झाडाखाली बसतो. दोन आठवड्यांत दहांपैकी सहा जण परत आले. म्हणजे दीडशे प्रतींपैकी खऱ्या गेल्या त्या साठ. साठ रुपयांसाठी बासष्ट रुपये घालवायचे! घसारा आणि व्याज तर दूरच, चालू खर्चही निघत नाही.

मला या सगळ्या हिशेबात हे रेघांचे मोजणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. डिझेल आणि युनिट मोजायला माणसे तयार असतात, कारण त्याला मीटर आहे. परत आलेले गिऱ्हाईक मात्र कोणी मोजत नाही. गेलेले गिऱ्हाईक मनाला लागते, परत आलेले लक्षात राहत नाही, आणि मग माणूस मनाला लागलेल्या आकड्यावर ४५ हजारांची खरेदी करून बसतो.

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. वीज गेल्यावर जे खरोखर गेले ते प्रतीवाले कमी आणि ऑनलाइन अर्ज भरणारे जास्त होते. अर्जाची मुदत त्या दिवशी संपत असते, तेव्हा माणूस थांबत नाही, पुढच्या दुकानात जातो. आणि एका अर्जाचे त्या पन्नास रुपये घेतात. अर्ज भरायला झेरॉक्स मशीन लागत नाही. संगणक, इंटरनेटचा डबा, शाईच्या टाकीचा छोटा प्रिंटर, एक दिवा आणि पंखा, सगळे मिळून २५० वॅटच्या आत बसते. हे काम साधा इन्व्हर्टर करतो.

आता गंमत पाहा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी १५ हजार, पाच वर्षे चालते असे धरून वर्षाला ३ हजार. इन्व्हर्टर ७ हजार, दहा वर्षे, वर्षाला ७००. व्याज ११००. वर्षाचे तेच २४० तास, २५० वॅटने वापर ६० युनिट. बॅटरीत घातलेल्या विजेपैकी साधारण दोन तृतीयांशच परत मिळते, म्हणून लाइनमधून ९० युनिट घ्यावी लागतात, त्यांचे ११०० रुपये. डिस्टिल्ड वॉटरचे शंभर. एकूण वर्षाला ६ हजार. ६० युनिटांनी भागा: युनिट १०० रुपयांना! युनिटच्या दराने पाहिले तर इन्व्हर्टर जवळपास जनरेटरइतकाच महाग. पण तासाने पाहिले तर फक्त २५ रुपये, म्हणजे अर्धा अर्ज. महिन्यात दहा अर्ज हातचे गेले नाहीत तरी इन्व्हर्टरचा सगळा खर्च निघतो. आणि ज्याला दोन प्रती आत्ताच हव्या आहेत त्याला छोट्या प्रिंटरवर काढून देता येतात, थोडा वेळ लागतो एवढेच.

एक सूचना मात्र आहे. झेरॉक्स मशीन किंवा लेझर प्रिंटर या इन्व्हर्टरवर लावू नये. त्यांचा तापणारा भाग एकदम हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. पुन्हा पुन्हा असे झाले तर त्याचा बोर्ड जळू शकतो. बॅटरीही पूर्ण उतरू देऊ नये. २५० वॅटवर तीन तास ठीक, पाच तासांचा हट्ट धरला तर पाच वर्षांची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाईल, आणि वरचा सगळा हिशेब बिघडेल.

मी त्यांना जनरेटर घेऊ नका, असे कळवले आहे. पण हे उत्तर प्रत्येक दुकानाला लागू पडत नाही. हेच दुकान अशा गावात असते जिथे गर्दीच्या वेळेत महिन्याला वीस तास वीज जाते आणि गिऱ्हाईक परत येत नाही, समजा एसटी स्टँडवर, जिथे माणूस गाडी पकडून निघून जातो, तर वर्षाचे २४० तास गुणिले ८८ म्हणजे २१ हजार हाती आले असते आणि घसारा, व्याज जाऊन अकरा हजारांच्या जवळ उरले असते. तिथे हाच जनरेटर घ्या म्हणालो असतो, युनिट कितीही महाग पडो.

डेअरी किंवा आइस्क्रीमवाल्याचा हिशेब तर वेगळाच. त्याचे नुकसान तासाला होत नाही. चांगल्या झाकणाचा, भरलेला डीप फ्रीजर न उघडता ठेवला तर काही तास थंड राहतो, पहिल्या तासाला काहीच बिघडत नाही. पण एका मर्यादेनंतर सगळा माल एकदम जातो. त्याने जनरेटर वीज जाताच सुरू करायचा नाही. फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवायचा, उणे बारा-तेराच्या वर पारा चढू लागला की सुरू करायचा, आणि त्या वेळी फ्रीजर, फ्रिज, पाण्याची मोटर सगळे एकत्र चालवून घ्यायचे. इंजिन फिरण्याचे चाळीस रुपये तर जाणारच आहेत, मग भार पूर्ण घालून त्याच तासात काम उरकायचे आणि पुन्हा बंद करायचा. मात्र जनरेटर घेताना कॉम्प्रेसर सुरू होतानाचा ओढ तपासून घ्यावा. चालू असताना ३०० वॅट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट ओढतो, आणि तेवढ्यासाठी दुकानदार गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेऊन बसतो. मोटर आणि फ्रीजर एकाच वेळी सुरू न करता अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुरू केले तर लहान जनरेटरवरही भागते.